पासवर्ड बरोबर होता, हेडर गेला होता

गावाकडे वीज गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो, हे आपल्याकडे नवीन नाही. पण त्या वेळी व्हेराक्रिप्टचा कंटेनर उघडा असेल, तर वीज आल्यावर बरोबर पासवर्डलाही ‘चुकीचा पासवर्ड’ असं उत्तर मिळू शकतं. डेटा रिकव्हरीच्या कामात अशा फाइली माझ्याकडे येत राहतात. त्यांतलं एक प्रकरण समोर ठेवून काही गोष्टी सांगतो. एका वकीलबाईंचा २० जीबीचा कंटेनर होता, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्यात पक्षकारांची कागदपत्रं. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, वीज जाताच सगळं बंद. परत सुरू करताना विंडोजने डिस्क तपासून ‘दुरुस्त’ केली आणि त्यानंतर कंटेनर उघडेना. “पासवर्ड मी रोज टाकते हो, बोटांना पाठ आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं.

१. त्या संदेशाचा अर्थ ‘पासवर्ड चुकला’ एवढाच नसतो.

स्क्रीनवर `Incorrect password` ही ओळ आधी दिसते आणि माणूस तिथेच अडकतो. तिच्याखाली `Not a valid volume` असंही लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. प्रोग्रामला या दोन्हींतला फरक खरोखरच कळत नाही. फाइलच्या सुरुवातीला हेडर असतो. त्याचे पहिले ६४ बाइट म्हणजे सॉल्ट, आणि पुढचा भाग कूटबद्ध. तुमचा पासवर्ड आणि सॉल्ट यांच्यापासून प्रोग्राम एक किल्ली तयार करतो, तिने हेडर उलगडतो आणि आत `VERA` ही चार अक्षरं दिसतात का, बेरजा जुळतात का, ते बघतो. जुळलं नाही तर पासवर्ड चुकला की हेडर बिघडला, हे सांगायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं.

इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की तुमच्या फाइली पासवर्डने कूटबद्ध होतच नाहीत. कंटेनर बनवताना एक यादृच्छिक मास्टर की तयार होते, फाइली तिने बंद होतात आणि ती की हेडरमध्ये ठेवली जाते. पासवर्ड फक्त हेडर उघडतो. पासवर्ड म्हणजे बँकेतल्या लॉकरची किल्ली आणि घराची खरी किल्ली त्या लॉकरमध्ये, असं समजा. लॉकरच जळून गेला, तर हातातल्या किल्लीचा घर उघडायला काही उपयोग नाही.

२. आधी साधी कारणं संपवा.

वीज गेल्यानंतर किंवा विंडोज नव्याने टाकल्यानंतर कीबोर्डची भाषा बदललेली असते. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर टाकलेली अक्षरं देवनागरीत जातात आणि चौकटीत मात्र ठिपकेच दिसतात. म्हणून `Display password` वर खूण करून पासवर्ड डोळ्यांनी वाचा. कंटेनर बनवताना पीआयएम किंवा कीफाइल वापरली होती का, ते आठवा.

आणखी एक कारण मी अलीकडे वारंवार बघतो. मशीन बिघडली म्हणून व्हेराक्रिप्टची ताजी आवृत्ती टाकली आणि कंटेनर मात्र जुना, ट्रूक्रिप्टच्या काळातला. १.२६ पासून व्हेराक्रिप्टने ट्रूक्रिप्टचे कंटेनर उघडणं बंद केलं. ते हवे असतील तर १.२५.९ लागते. फाइल ठणठणीत असते, तरी पासवर्ड चुकीचा म्हणून सांगितलं जातं.

आणि बिघाडानंतरही कंटेनर अजून उघडा असेल, म्हणजे ड्राइव्ह दिसत असेल, तर काहीही झालं तरी तो बंद करू नका. मास्टर की त्या क्षणी मेमरीत आहे. आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवा, बाकीचं नंतर.

३. फाइलीची दोन्ही टोकं उघडून बघा.

वकीलबाईंच्या डिस्कवरून मी आधी कंटेनरची पूर्ण प्रत काढली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवली. मग फाइलीचा आकार बघितला. तो २१,४७,४८,३६,४८० बाइट होता, म्हणजे बरोबर २० जीबी. आकार महत्त्वाचा, कारण व्हेराक्रिप्ट हेडरची राखीव प्रत फाइलीच्या शेवटच्या १,३१,०७२ बाइटांत ठेवतो. फाइल शेवटून कापली गेली असेल तर ही प्रत त्या कापलेल्या भागाबरोबर गेलेली असते. अर्धवट राहिलेल्या कॉपीत किंवा क्लाउडवरच्या अपुऱ्या सिंकमध्ये असं होतं.

मग लिनक्सवर या दोन ओळी चालवल्या:

```
xxd -l 512 kaam.hc
tail -c 131072 kaam.hc | xxd -l 512
```

धडधाकट हेडर बघायला निव्वळ गोंधळ असतो. कुठलीही अक्षरं, कुठलेही अंक, कशाचाच मेळ नाही. तसा गोंधळ दिसणं हे चांगलं लक्षण. ओळीच्या ओळी शून्यं दिसली किंवा वाचता येईल असा मजकूर दिसला, तर तिथला हेडर गेला. इथे सुरुवातीला नुसती शून्यं होती आणि शेवटी गोंधळ. पुढे बघत गेलो तर शून्यं २५६ केबीपर्यंत पसरलेली. हे कशाने झालं असावं? रोजच्या वापरात व्हेराक्रिप्ट हेडरवर लिहीत नाही. नुकसान बाहेरून होतं. डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले, तपासणीने त्यांच्या जागी नवे कोरे भाग जोडले आणि जुना मजकूर तिथेच राहिला. फाइलसिस्टमच्या दृष्टीने दुरुस्ती पूर्ण झाली, कारण फाइलीच्या आत काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

विंडोजवर हेच काम कुठल्याही हेक्स एडिटरने होतं. दोन्ही टोकांना गोंधळच दिसला, आकारही बरोबर निघाला आणि तरी कंटेनर उघडत नाही, असं असेल तर संशय पुन्हा पासवर्ड, पीआयएम आणि कीफाइल यांच्यावर जातो.

४. राखीव हेडर आधी वापरून बघा, लगेच लिहू नका.

`Restore Volume Header` हा पर्याय `Tools` मध्ये आहे आणि घाबरलेला माणूस थेट तिकडेच जातो. पण तो सुरुवातीच्या जागेवर लिहितो. लिहिण्याआधी खात्री करायची सोय व्हेराक्रिप्टनेच दिली आहे. विंडोजवर `Mount Options` मध्ये `Use backup header embedded in volume if available` आणि `Mount volume as read-only` या दोन्हींवर खूण करायची. लिनक्सवर मी हे चालवलं:

```
veracrypt -t --mount-options=headerbak,ro \
  --filesystem=none kaam.hc
```

पासवर्ड त्यांनीच टाकला आणि तो पहिल्याच वेळी लागला. शेवटच्या हेडरचा सॉल्ट वेगळा असतो, पण पासवर्ड तोच आणि आतली मास्टर कीही तीच. त्यामुळे तो उघडला म्हणजे मास्टर की हाती आली. त्यानंतरच प्रतीवर हेडर पूर्ववत केला.

हेडरची प्रत स्वतंत्र फाइलीत काढून ठेवली असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. एक, ती प्रत घेतल्यानंतर पासवर्ड बदलला असेल, तर प्रतीला जुनाच पासवर्ड लागतो. दोन, प्रत त्याच कंटेनरची हवी. जुना कंटेनर पुसून त्याच नावाने नवा बनवला असेल तर मास्टर की बदललेली असते. तेव्हा जुना हेडर बसतो, पासवर्डही लागतो, कंटेनर ‘उघडतो’ आणि आत निव्वळ कचरा दिसतो. हे फार फसवं आहे, कारण माणसाला वाटतं की फाइली खराब झाल्या.

५. हेडर आला म्हणजे फाइली आल्या असं नाही.

वकीलबाईंचा कंटेनर उघडला तरी आतली ड्राइव्ह दिसेना. विंडोजवर असतं तर ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारलं असतं. त्याला ‘नाही’ म्हणायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कारण सरळ होतं. शून्यं २५६ केबी, त्यांतले पहिले १२८ केबी हेडरसाठी राखून ठेवलेले, आणि उरलेले १२८ केबी आतल्या एनटीएफएसच्या सुरुवातीचे. तिथला बूट सेक्टर गेला होता. एनटीएफएस त्याची एक प्रत आतल्या ड्राइव्हच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. टेस्टडिस्कला मी `/dev/mapper/veracrypt1` दाखवलं, तिथे `Advanced`, मग `Boot` आणि `Backup BS`. यासाठी कंटेनर लिहिता येईल असा उघडावा लागतो, म्हणून हे काम दुसऱ्या प्रतीवर केलं. फोल्डरांची यादी समोर आली तेव्हा त्या काही क्षण बोलल्याच नाहीत.

काही पीडीएफ उघडल्या नाहीत, आणि त्या परतही आल्या नाहीत. डिस्कचे आणखी काही भाग मेले होते, त्यांच्यावर ज्या फाइली होत्या त्या गेल्या. पण नुकसान तेवढ्यापुरतंच राहिलं. व्हेराक्रिप्ट ५१२ बाइटांचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कूटबद्ध करतो, म्हणून एक तुकडा बिघडला तर पुढचे बिघडत नाहीत. ‘एक बाइट गेला की सगळा कंटेनर गेला’ हा समज हेडरच्या बाबतीतच खरा आहे, बाकी फाइलीच्या बाबतीत नाही.

६. कुठे थांबायचं.

दोन्ही टोकं शून्यं असतील आणि बाहेर हेडरची प्रत नसेल, तर तिथे काम संपतं. पासवर्ड माहीत असूनही संपतं. मास्टर की पासवर्डमधून पुन्हा तयार होत नाही, ती यादृच्छिक होती आणि ज्या जागी होती ती जागा पुसली गेली. पासवर्ड शोधणारी यंत्रं इथे निरुपयोगी आहेत, कारण पासवर्ड तपासून बघायला हेडरच उरलेला नाही. डिस्कवर मोकळ्या झालेल्या जागेत जुने तुकडे पडून असतात, तिथे हेडर सापडण्याची आशा असते. पण तो कुठल्याही यादृच्छिक डेटासारखाच दिसत असल्यामुळे नुसतं बघून ओळखता येत नाही, आणि एसएसडीवर मोकळी जागा बहुधा आधीच पुसली गेलेली असते.

अशा वेळी मी ‘नाही’ म्हणतो आणि पैसे घेत नाही. कोणी आगाऊ रक्कम घेऊन ‘नक्की काढून देतो’ म्हणत असेल, तर हेडर कुठून आणणार, एवढं त्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर डिस्क त्याच्या हातात देऊ नका. आणि ज्यांचा कंटेनर आज नीट उघडतोय त्यांनी तो बंद करून `Tools` मधल्या `Backup Volume Header` ने प्रत काढावी आणि ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. ती फाइल जेमतेम १२८ केबीची होते.