काफ्का का नाही?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांमधून आमच्या सर्व्हरकडे दोन प्रकारचे निरोप येतात. एक 'वाघ दिसला' हा इशारा, दुसरी गुरं मारल्याची किंवा पीक तुडवल्याची भरपाईसाठीची नोंद. तिथून ते वनरक्षकापर्यंत जातात. मधली मेसेज क्यू रॅबिटएमक्यूची असावी की काफ्काची, यावर टीममध्ये पुष्कळ वाद झाला. सगळ्यांत जास्त मीच बोलत होतो, म्हणून रॅबिटएमक्यू ठरल्यावर आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे एडीआर, लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मायकेल नायगार्डने 2011 साली सुचवलेला साचा घेतला: शीर्षक, स्थिती, संदर्भ, निर्णय, परिणाम. दोन पानांचं काम, असं वाटलं होतं. लिहिताना उमगलं ते असं.

१. ज्या मुद्द्यावर आम्ही सर्वांत जास्त भांडलो, तो कागदावर उतरवताच विरघळला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून 'जास्त टिकाऊ क्यू हवी', असं दोन्ही बाजू म्हणत होत्या. 'संदर्भ' लिहिताना लक्षात आलं, की दोन्ही क्यू सर्व्हरवर बसलेल्या. जो निरोप फोनमधून निघालाच नाही, तो यातली कुठलीच क्यू वाचवू शकत नाही. तिथे खरी क्यू म्हणजे फोनमधला एसक्यूलाइटचा टेबल. शिवाय पोच मिळण्याआधी नेटवर्क गेलं, तर फोन तोच निरोप पुन्हा पाठवणार. त्यामुळे प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक फोनवरच द्यावा लागतो. हे सगळं 'संदर्भ'मध्ये राहिलं, तुलनेतून मात्र गेलं.

२. खरं कारण बैठकीत कोणीतरी जाता जाता बोलून गेलं होतं. काफ्का ही मुळात नोंदवही. तिच्या एका पार्टिशनमध्ये वाचणारा 'इथपर्यंत वाचलं' एवढीच खूण ठेवतो. समजा, एटापल्लीहून आलेल्या नोंदीतला फोटो अर्धवट आहे आणि त्यावरची प्रक्रिया दरवेळी कोसळते. मग एकतर तिथेच अडून बसायचं आणि मागच्या सगळ्यांना ताटकळत ठेवायचं, नाहीतर ती नोंद बाजूला काढून तिच्या पुन्हा प्रयत्नांची व्यवस्था आपण स्वतः बांधायची. रॅबिटएमक्यूत प्रत्येक निरोपाची पोच वेगळी. बिघडलेला निरोप नाकारला, की तो ठरवून दिलेल्या डेड लेटर क्यूत जातो आणि बाकीचे पुढे सरकतात. एटापल्लीत मारल्या गेलेल्या बैलाचा मूल तालुक्यात तुडवलेल्या धानाशी काही संबंध नाही. आमच्या नोंदींना आपसातला क्रम नकोच होता. काफ्काचा झपाट्याचा वेग आम्हाला पुरानंतरच्या गर्दीतही लागला नसता. हा परिच्छेद लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण 'रॅबिटएमक्यू सोपं आहे' एवढंच लिहून मोकळं व्हायचा मोह फार होता. सोपं कोणाला, हे त्या वाक्यात कुठेच नसतं.

३. जिंकलेल्या पर्यायाच्या मर्यादा लिहिताना हात जड होतो. जुना 'वाघ दिसला' तीन दिवसांनी गावभर ताजा म्हणून गेला, तर पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? त्यासाठी आम्ही रॅबिटएमक्यूच्या `expiration`वर भिस्त ठेवली होती. पण तिचं घड्याळ निरोप क्यूत पोचल्यापासून चालू होतं, वाघ दिसल्यापासून नाही. पुरानंतर पोचलेला निरोप तिच्या लेखी कोराकरकरीत. म्हणून घटनेची वेळ निरोपातच ठेवून वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती तपासायची, असं 'परिणाम'मध्ये लिहिलं. भरपाईच्या नोंदीला मात्र शिळेपणाचा नियम नाही. इशारे आणि भरपाईच्या नोंदी यांच्या क्यू वेगळ्या केल्या त्या यामुळे.

४. हरलेल्या पर्यायाची थोरवीही तितक्याच सरळपणे लिहावी लागते. काफ्कात वाचून झालेला निरोप मुदत संपेपर्यंत तिथेच राहतो. काही बदललं नाही तर सात दिवस. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, तर मागे जाऊन सगळं पुन्हा वाचता येतं. साध्या रॅबिटएमक्यू क्यूत पोच दिली की निरोप गेला. त्याची किंमत म्हणून पोच देण्याआधी मूळ निरोप पोस्टग्रेसमध्ये जसाच्या तसा साठवायचा, हे लिहून ठेवलं. पुढे नव्याने आलेल्या मुलीने 'हा टेबल कशाला, काढून टाकू का?' विचारलं, तेव्हा मी फक्त एडीआरच्या फाइलचं नाव पाठवलं.

५. कारणांचं आयुष्य सारखं नसतं. आमच्या कागदात 'काफ्काबरोबर झूकीपरही सांभाळावा लागतो' असं एक कारण होतं. मार्च 2025 मधल्या काफ्का 4.0 ने झूकीपर काढूनच टाकला. त्याच आवृत्तीत निरोपागणिक पोच देणारे शेअर ग्रुपही चाचणीपुरते आले, म्हणजे माझ्या लाडक्या दुसऱ्या मुद्द्यालाही धक्का. जुना कागद खोडायचा नाही, एवढा नियम पाळला. त्यात आवृत्त्या आणि तारीख होती, म्हणून तो तेव्हापुरता खराच राहिला. नवा कागद उघडलाय, स्थिती 'प्रस्तावित'. त्यात निर्णय तोच आहे. कारणांमध्ये आता सर्वांत वर लिहिलंय, की रात्री सर्व्हर पडला तर तो उठवणारी दोनच माणसं आमच्याकडे आहेत आणि दोघांनाही रॅबिटएमक्यू येतं. पहिल्या कागदात हे वाक्य चौथ्या ओळीत, कंसात होतं.