गंगाजळी एकच ठेव

पहिली साइट एकटी चालवणार आहेस, तर दिवसांचा हिशेब कसा मांडायचा ते ऐक. ही रीत एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ च्या ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात मांडली. छोट्या दवाखान्याच्या इंटिरिअरवर ती लावून दाखवतो.

दोन आकडे विचार. प्रत्येक मिस्त्री खात्रीचे दिवस सांगतो, म्हणजे अडचणींचे दिवस त्यात आधीच धरलेले असतात. तोडफोड ४, वायरिंग-नळकाम ८, फरशी ८, सुतारकाम १२, रंग ८. झाले ४० दिवस. मग विचार, ‘माल हाताशी आहे, मधे कुणी अडवत नाही, तर किती?’ उत्तर साधारण निम्मं येतं: २०. पुट्टी किंवा वॉटरप्रूफिंग सुकायचे दिवस मात्र कापू नकोस. ते वेगळे धर.

माणूस बघून साखळी जोड. दारं आणि कपाटं कागदावर एकाच वेळी होतात, पण सुतार एकच असेल तर एकामागून एकच होणार. वरचे सुतारकामाचे १२ दिवस तसेच धरलेत.

वाचलेले दिवस शेवटी ठेव. कापलेल्या २० पैकी निम्मे, म्हणजे १०, सगळ्या कामाची सामाईक गंगाजळी. मालकाला तारीख ३० दिवस अधिक सुकायचे दिवस धरून दे. दहा पुरतात, कारण सगळीच कामं एकदम रखडत नाहीत. एकाचं लांबलं तर दुसऱ्याचं लवकर उरकतं. पण पावसानं सगळ्यांचाच माल अडकणार असेल, तर गंगाजळी मोठी ठेव. दिवस कामाकामात वाटलेस तर ते तिथेच मुरतात. आठ दिवस हातात आहेत म्हटल्यावर फरशीवाला चौथ्या दिवशी उगवतो, आणि लवकर संपलं तरी सांगत नाही.

पुढच्याला आधीच जागं कर. फरशीचे दोन दिवस उरले की सुताराला फोन कर. आधीचं काम संपलं की त्याच दिवशी त्यानं हत्यारं घेऊन यायचं, ठरल्या तारखेची वाट बघायची नाही.

रोज गंगाजळी मोज. ‘किती झालं?’ विचारू नकोस. ‘अजून किती दिवस?’ विचार. वीसपैकी दहा दिवसांचं काम झालं आणि गंगाजळीतले तीन खर्च झाले, तर स्वस्थ राहा. सात गेले असतील तर त्याच दिवशी हाल: दुसरा सुतार आण, किंवा मालकाकडे अडलेला निर्णय मिळव.

आणि हे विसरू नकोस. निम्म्या दिवसांचा अंदाज निम्म्या वेळा चुकणारच. चारचे पाच झाले म्हणून मिस्त्रीला बोललीस, तर पुढच्या साइटवर तो पुन्हा आठच सांगेल. मालकानं गंगाजळीवर कात्री लावली तरी तेच होईल. म्हणून तारीख देतानाच त्याला सांग, हे दहा दिवस कशासाठी आहेत.