एका पत्त्यावर दोघे: आयपी कॉन्फ्लिक्टची दुरुस्ती किती रुपयांची?

माझी धाकटी बहीण नाशिकला घरूनच आयकर विवरणपत्रं भरून देण्याचं काम करते. जुलै हा तिचा हंगाम. त्याच महिन्यात एका सकाळी तिच्या लॅपटॉपवर `Windows has detected an IP address conflict` असा इशारा आला. नंतर दिवसभर कधी प्रिंटर ऑफलाइन, तर कधी इंटरनेट गायब. तिने एका नेटवर्कवाल्याला बोलावलं. येण्याचे त्याने ४०० रुपये घेतले, राउटर आणि लॅपटॉप बंद करून चालू केले, आणि सगळं सुरळीत झालं. तिसऱ्या दिवशी इशारा पुन्हा हजर. आता तो म्हणाला, "मॅडम, राउटर गेलाय. २,६०० रुपयांचा नवा घ्या, आणि कंपनीकडून महिना २०० रुपयांचा स्टॅटिक आयपी लावून घ्या, म्हणजे कायमचं सुटेल."

पैसे देण्याआधी तिने मला फोन केला. येण्याचे ४००, राउटरचे २,६०० आणि वर्षभराच्या स्टॅटिक आयपीचे २,४०० मिळून पहिल्याच वर्षी ५,४०० रुपये होत होते. दुरुस्ती झाली शून्य रुपयांत, साधारण वीस मिनिटांत. ज्यांच्या घरी प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर किंवा स्मार्ट टीव्ही आहे, त्यांच्यावर ही वेळ कधीही येऊ शकते. म्हणून काय बिघडलं होतं ते नीट सांगतो.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो, उदाहरणार्थ `192.168.1.103`. हे काम राउटरमधला डीएचसीपी नावाचा भाग करतो. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने मिळतो. त्याला लीज म्हणतात. बहिणीच्या राउटरवर ही मुदत २४ तासांची होती. अर्धी मुदत, म्हणजे १२ तास झाले की उपकरण स्वतःहून राउटरला विचारतं, "हाच पत्ता पुढे चालू ठेवू ना?" राउटर हो म्हणतो आणि मुदत पुन्हा २४ तासांची होते. उपकरण बंद असेल तर विचारणार कोण? मुदत संपते, पत्ता मोकळा होतो आणि दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. ही व्यवस्था चोख आहे. तिच्यातून क्वचितच भांडण होतं.

भांडण होतं ते फिक्स्ड पत्त्यामुळे. प्रिंटर बसवून देणारा माणूस बहुधा प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये जाऊन एक पत्ता हाताने टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, कारण प्रिंटरचा पत्ता रोज बदलला तर लॅपटॉपला तो सापडणार नाही. पण असा पत्ता टाकला की प्रिंटर राउटरला काहीच विचारत नाही, आणि राउटरच्या यादीत त्याची नोंदच होत नाही.

एसटीच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. कंडक्टरच्या हातात रिझर्व्हेशनचा चार्ट असतो. रुमालाचा त्यात उल्लेख नसतो. रुमालवाला चहाला उतरला, रुमाल खाली पडला, की कंडक्टर ती जागा रिकामी समजून दुसऱ्याला देतो. दोघांचाही दावा खरा असतो, आणि जागा एकच. फिक्स्ड पत्त्याचा प्रिंटर हा तो रुमालवाला.

बहिणीकडे नेमकं हेच झालं होतं. तिच्या राउटरची वाटपाची हद्द `192.168.1.100` ते `192.168.1.199` होती, आणि प्रिंटरला तीन वर्षांपूर्वी `192.168.1.105` हा पत्ता हाताने दिलेला होता, म्हणजे हद्दीच्या आतलाच. तीन वर्षं काही झालं नाही, कारण घरात चारच उपकरणं होती आणि तिचा राउटर ओळीने पत्ते देतो. १०३ च्या पुढे जायची पाळीच आली नाही. यंदा टीव्ही आला, भाच्याचा फोन आला, आणि वाटप १०५ पर्यंत पोहोचलं. सगळेच राउटर असे ओळीने पत्ते देत नाहीत. काहींमध्ये पहिल्याच आठवड्यात टक्कर होऊ शकते.

पत्ता देण्याआधी राउटर तिथे कोणी आहे का हे तपासत नाही का? बरेच राउटर तपासतात, हाक मारून उत्तराची वाट पाहतात. पण बहीण रात्री प्रिंटरचं बटण बंद करते. सकाळी आठला लॅपटॉप उघडला तेव्हा प्रिंटर बंदच, हाकेला उत्तर नाही, म्हणून १०५ लॅपटॉपला मिळाला. दहाला तिने प्रिंटर चालू केला. त्याने येताच "१०५ माझा" असं जाहीर केलं, आणि लॅपटॉपवर इशारा झळकला.

त्या माणसाने राउटर आणि लॅपटॉप बंद-चालू केल्यावर तात्पुरतं बरं वाटलं, तेही याच कारणाने. तेव्हा प्रिंटर चालू होता. नवा पत्ता वापरायला घेण्याआधी लॅपटॉपही त्या पत्त्यावर कोणी आहे का हे विचारतो. उत्तर आलं तर तो पत्ता नाकारून दुसरा मागतो. म्हणजे दुरुस्ती झाली नव्हती, लॅपटॉपने फक्त जागा बदलली होती. पुढे दिवे गेले आणि राउटर पुन्हा सुरू झाला. बऱ्याच घरगुती राउटरांची लीजची यादी अशा वेळी पुसली जाते आणि ते नव्याने वाटप सुरू करतात. प्रिंटर बंद असलेल्या सकाळी पुन्हा तोच खेळ झाला. रिस्टार्टने दोन-तीन दिवस थांबणारा आणि मग परतणारा इशारा हे याच दोषाचं लक्षण आहे. त्या रिस्टार्टसाठी दर वेळी ४०० रुपये देऊ नका.

दोषी उपकरण शोधायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
ipconfig /all
```

`IPv4 Address` समोरचा आकडा कागदावर लिहा. आता लॅपटॉपचं वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा, आणि त्याच वायफायवरच्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो आकडा टाका. आम्ही `http://192.168.1.105` टाकलं तर प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं. लॅपटॉप बाहेर असताना त्या पत्त्यावर दुसरं कोणी बोलतं, म्हणजे भागीदार सापडला. पान उघडलं नाही म्हणजे तिथे कोणी नाही असं मात्र समजू नका, कारण काही उपकरणांना असं पानच नसतं. मग विंडोजच्या `Event Viewer` मध्ये `System` या नोंदींत ४१९९ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात समोरच्या उपकरणाचा बारा अक्षरांचा मॅक ॲड्रेस असतो. तोच प्रिंटरच्या किंवा डीव्हीआरच्या मागच्या चिठ्ठीवर बहुधा छापलेला सापडतो.

आता दुरुस्ती. रुमाल काढायचा आणि चार्टवर नाव चढवायचं. राउटरच्या पानावर (बहिणीकडे ते `192.168.1.1` वर होतं) `LAN` किंवा `DHCP Server` या भागात `Address Reservation` किंवा `Static Lease` असं काहीतरी असतं. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्यासमोर १०५ हा पत्ता लिहून सेव्ह केलं. यापुढे राउटर तो पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही, प्रिंटर बंद असला तरीही. दुसरी पायरी बरेच जण विसरतात. प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन `Manual` बदलून `Automatic` किंवा `DHCP` करायचं, म्हणजे तो राउटरला विचारून पत्ता घेईल आणि यादीत दिसेल. शेवटी लॅपटॉपचं वायफाय पुन्हा चालू करून त्याला नवा पत्ता घ्यायला लावला:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

आम्ही प्रिंटरचा जुनाच १०५ मुद्दाम ठेवला. पत्ता बदलला असता तर लॅपटॉपवरचा प्रिंटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहिला असता आणि पुन्हा ऑफलाइन दिसला असता.

काही राउटरांत ही सोय नसते, किंवा इंटरनेट कंपनीने तो भाग कुलूपबंद केलेला असतो. तेव्हा फिक्स्ड उपकरण वाटपाच्या हद्दीबाहेर न्यायचं. हद्द १०० ते १९९ असेल तर प्रिंटरला `192.168.1.20` द्या, सबनेट मास्क `255.255.255.0` आणि गेटवे `192.168.1.1` ठेवा, आणि लॅपटॉपवर प्रिंटर नव्याने जोडून घ्या. मात्र हद्द आधी बघा. काही राउटर २ पासूनच वाटप सुरू करतात, तिथे २० हा पत्ता सुरक्षित नाही.

इशारा फोनसाठी रिझर्व्हेशन करूनही जात नसेल तर एक गोष्ट पाहा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस न देता बनावट देतात. खऱ्या मॅकवर केलेली नोंद त्यांना लागूच होत नाही. राउटरच्या यादीत दिसणारा मॅक वापरा.

दुसरं कारण कमी वेळा आढळतं, पण खर्चात पाडतं. रेंज वाढवायला जुना राउटर केबलने जोडला आणि त्याचा डीएचसीपी बंद केला नाही, तर घरात दोन कंडक्टर दोन चार्ट घेऊन फिरतात. जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला. खर्च इथेही शून्य.

नव्या राउटरने बहिणीचा प्रश्न सुटला असता का? नाही. त्याची हद्दही १०५ ला सामावणारी असती तर टक्कर फक्त लांबली असती. त्याचे पत्ते `192.168.0` ने सुरू होत असते तर प्रिंटर सापडलाच नसता. कंपनी विकते तो स्टॅटिक आयपी घराबाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता आहे. बाहेरून घरातल्या डीव्हीआरला किंवा सर्व्हरला थेट जोडायचं असेल तर तो उपयोगी पडतो. घरातल्या दोन उपकरणांच्या भांडणाशी त्याचा काही संबंध नाही. फॅक्टरी रीसेट सुचवला तर थांबा. कंपनीच्या राउटरमधलं लॉगिन त्यात पुसलं गेलं तर इंटरनेटच बंद पडतं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं.

हे सगळं स्वतः करायची भीती वाटत असेल तर माणूस जरूर बोलवा. अर्ध्या तासाच्या कामाचे एका भेटीचे पैसे योग्यच आहेत. मात्र "प्रिंटरचं रिझर्व्हेशन करून द्या" असं फोनवरच सांगा. येणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर तो राउटर बदलायलाच सांगेल.

आणि पुढच्या वेळी घरी कॅमेरा, डीव्हीआर किंवा प्रिंटर बसवायला कोणी आलं, तर तो दाराबाहेर पडण्याआधी राउटरची यादी उघडायला लावा. नव्या उपकरणाचं नाव त्यात दिसलं तरच पैसे द्या.