होकार किती, हजर किती?

प्रश्न : येडगावजवळ आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. दर वर्षी हंगामाआधी गुणवत्ता तपासनीस, सुपरवायझर, नोंदी ठेवणारे अशी वीसेक माणसं घ्यावी लागतात. होकार भराभर येतात, पण जानेवारीत काम सुरू होतं त्या दिवशी निम्मीअर्धी येत नाहीत. काही जण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीतून येतात, काही जुन्या कामगारांच्या ओळखीने, काही कॉलेजातून. ‘भरतीला लागणारे दिवस’, ‘होकाराचं प्रमाण’ आणि ‘कोणत्या मार्गाने चांगली माणसं मिळतात’ हे मोजा, असं मुलगा सांगतो. ते मोजायचं कसं आणि त्यातून कळतं काय?

– एक वाचक, येडगाव

उत्तर : तुमच्या तालुक्यातल्या उसाच्या धंद्याला हा प्रश्न फार जुना आहे. पावसाळ्यात मुकादमाला उचल दिली जाते. अमुक इतके कोयते आणीन, असं तो लिहून देतो. कोयता म्हणजे तोडणीला येणारी जोडी, बहुधा नवरा-बायको. पण कागदावर कोयते कितीही असोत, गळीत सुरू झाल्यावर फडात किती उतरले यावरच सगळं ठरतं. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून बुडालेले वाहतूकदार महाराष्ट्रात गावोगाव आहेत. म्हणून जाणता वाहतूकदार मुकादमाने किती कोयते लिहून दिले ते विचारत नाही. गेल्या हंगामात किती आले आणि पट्टा पडेपर्यंत किती टिकले, ते विचारतो. तुमचा मुलगा सांगतो ती मापं याच विचारपुशीची आहेत, फक्त ती वहीत मांडायची असतात.

तुम्ही आकडे पाठवलेले नाहीत, म्हणून समजावण्यापुरते मीच धरतो. समजा, गेल्या हंगामात तुम्ही ३२ जणांना ‘या कामाला’ म्हणून सांगितलं. त्यांपैकी २७ जणांनी हो म्हटलं, म्हणजे होकाराचं प्रमाण ८४ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण हजर झाले २०. ३२ पैकी २० म्हणजे ६२ टक्क्यांच्या आसपास. मोठ्या कंपनीत होकार आणि हजेरी यांतली फट बऱ्याचदा लहान असते, कारण तिथे नेमणूकपत्र असतं, जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो. हंगामी कामात हो म्हणायला काहीच लागत नाही. म्हणून तुमच्या वहीत होकार आणि हजेरी हे दोन वेगळे रकाने हवेत. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

आता हेच आकडे मार्गांनुसार फोडू. ओळखीने आलेल्या १० जणांना सांगितलं, ९ हो म्हणाले, ८ आले, नव्वद दिवसांनी ७ कामावर होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या १६ जणांना सांगितलं, १४ हो म्हणाले, ८ आले, ३ टिकले. कॉलेजातल्या ६ जणांना सांगितलं, ४ हो म्हणाले, चौघेही आले, ३ टिकले. नुसता होकार पाहिला तर कॉलेज सगळ्यांत वाईट दिसतं, कारण सहातल्या दोघांनी तोंडावर नाही म्हटलं. पण ज्यांनी हो म्हटलं ते आले. वेळेवर दिलेला नकार मालकाला फायद्याचाच असतो, दुसरा माणूस शोधायला दिवस मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचा होकार ८७.५ टक्के, पण सांगितलेल्यांपैकी टिकले जेमतेम १९ टक्के.

नव्वद दिवस का, तर तुमचा हंगाम साधारण तेवढाच. नुसतं टिकणंही पुरेसं नाही. त्या माणसाने ब्रिक्स बरोबर मोजला का, त्याने पास केलेली पेटी पुढच्या तपासणीत परत आली का, हे सुपरवायझरकडून ‘चांगला, बरा, नको’ एवढ्या तीन शेऱ्यांत लिहून घ्या. शेरा देणाऱ्याला माणूस कोणत्या मार्गाने आला हे सांगू नका, नाहीतर मेव्हण्याने आणलेला प्रत्येक जण ‘चांगला’ निघेल.

दिवसांच्या मापात दोन घड्याळं असतात आणि त्यांचा घोटाळा फार होतो. जागा निघाल्यापासून माणूस हजर होईपर्यंतचे दिवस म्हणजे जागा भरायचा काळ. उमेदवाराचं नाव आल्यापासून त्याचा होकार येईपर्यंतचे दिवस म्हणजे भरतीचा काळ. पहिल्यातून तुम्ही शोधायला कधी लागलात ते कळतं, दुसऱ्यातून नाव आल्यावर तुम्ही त्याला किती ताटकळत ठेवलंत ते. शिवाय सरासरी काढू नका. पाच जणांना ४, ५, ५, ६ आणि ६० दिवस लागले तर सरासरी १६ येते, आणि १६ दिवस तर कोणालाच लागलेले नाहीत. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, तो ५.

आता खरी मेख. वरचा हिशेब पाहून तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅप बंद करू. थांबा. त्या १४ होकारांच्या तारखा काढा. समजा, सात जणांना कामावर यायच्या आधी पंधरा दिवसांच्या आत विचारलं होतं आणि त्यांतले सहा आले. उरलेल्या सात जणांना दिवाळीनंतर लगेच विचारलं, कामाला दीड महिना होता, आणि त्यांतले दोनच आले. असं निघालं तर दोष मार्गाकडे कमी आणि मधल्या रिकाम्या दिवसांकडे जास्त जातो. दीड महिना कोणी रिकामा बसत नाही, त्याला दुसरं काम मिळतं. भरतीचा काळ कमी दाखवायच्या नादात माणसं आधीच होकार गोळा करून ठेवतात आणि गळती नेमकी तिथे होते. वहीत तो आकडा सुंदर दिसतो आणि पॅकहाउसात पट्टा रिकामा असतो.

ओळखीच्या मार्गाचीही एक बाजू सांगायला हवी. तो सगळ्यांत भरवशाचा दिसतो, पण एकाच वाडीतले, एकाच भावकीतले सात जण असले तर जत्रेच्या दिवशी सातही जण एकदम गैरहजर. चैत्रातल्या जत्रा आणि द्राक्षाचा शेवटचा तोडा अनेकदा एकाच सुमाराला येतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! त्यात बाहेरच्या गरजू मुलीला दार बंद राहतं ते वेगळंच.

मार्ग नोंदवतानाही फसगत होते. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर दिसली, पण ती तुमच्याच कामगाराने पुढे पाठवलेली. मग ती व्यक्ती कुठल्या रकान्यात? पहिल्याच फोनवर एकच प्रश्न विचारा, ‘या कामाचं पहिल्यांदा कोणाकडून कळलं?’ आणि उत्तर तेव्हाच लिहा. हंगाम संपल्यावर आठवून भरलेला रकाना कामाचा नाही.

आणि आकडे लहान आहेत हे विसरू नका. कॉलेजचे चारच जण आले. त्यांतला एक जरी आणखी गेला असता तरी टिकण्याचं प्रमाण ७५ वरून ५० टक्क्यांवर आलं असतं. एवढ्यावर कुठल्याही कॉलेजाला चांगलं-वाईट ठरवता येत नाही. दोन-तीन हंगामांची बेरीज होईपर्यंत टक्केवारीच्या शेजारी माणसांची संख्या लिहीत जा.

तर येत्या हंगामासाठी माझं म्हणणं असं : कोणताही मार्ग बंद करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना काम सुरू व्हायला दोन आठवडे उरले की मगच विचारा, आणि होकारानंतर आठवड्याने एक फोन करा. प्रत्येक नावापुढे पाच तारखा लिहा : नाव आलं, आपण विचारलं, होकार, हजर, नव्वद दिवस. एप्रिलअखेर ती वही पाठवलीत, तर खरे आकडे घेऊन याच सदरात पुन्हा बोलू.