ऑक्सिजन कुठून आला, कुठे गेला?

चि. मृणाल,


तू पाठवलेला उत्तरपत्रिकेचा फोटो पाहिला. प्रश्न चार गुणांचा, उत्तर चार वाक्यांचं, आणि त्यावर तुझी एकच लाल आडवी रेघ आणि शून्य. त्या मुलीचं उत्तर चुकलंय हे खरं आहे, पण ते एका ठिकाणी चुकलेलं नाही. चार वाक्यांत वेगवेगळ्या जातीच्या चुका आहेत. त्या रेघेवरून तिला कुठली कळणार? म्हणून ते उत्तर आपण परत एकदा तपासू.

तिने लिहिलंय: "हरितलवकात सूर्यप्रकाशामुळे कार्बन डायऑक्साइड फुटतो व ऑक्सिजन बाहेर पडतो. उरलेल्या कार्बनपासून ग्लुकोज बनते. हे ग्लुकोज तंतुकणिकेत जाते, तिथे त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व ऊर्जा मिळते. पहिली क्रिया दिवसा होते, दुसरी रात्री."

पहिल्या वाक्यात जागा बरोबर, बाहेर पडणारा वायूही बरोबर. तो कशातून आला, तेवढं चूक. दरवर्षी ही चूक गठ्ठ्याने येते, कारण आपण फळ्यावर लिहितो ते समीकरणच तिला खतपाणी घालतं. डावीकडे सहा रेणू कार्बन डायऑक्साइड आणि सहा रेणू पाणी, उजवीकडे एक ग्लुकोज आणि सहा रेणू ऑक्सिजन. मुलगी हिशेब करते आणि तिला वाटतं, ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधूनच सुटला असणार. आता तोच हिशेब तू नीट करून दाखव. उजवीकडच्या सहा रेणूंत ऑक्सिजनचे बारा अणू आहेत. ते सगळे पाण्यातून यायचे तर पाण्याचे बारा रेणू हवेत. म्हणून पूर्ण समीकरण असं लिहायचं:

6CO₂ + 12H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂ + 6H₂O

कार्बन डायऑक्साइडमधले बारा अणू मग कुठे गेले? सहा ग्लुकोजमध्ये, सहा उजवीकडच्या नव्या पाण्यात. दोन्ही बाजूंना पाणी आहे म्हणून ते छाटून टाकायचा मोह होतो. गणितात ते चालेल, इथे त्या छाटण्यातच खरी गोष्ट नाहीशी होते.

ऑक्सिजन पाण्यातूनच येतो याला पुरावा आहे, आणि तो वर्गात सांगायलाच हवा. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हिल यांनी 1937 साली पानांतून वेगळी काढलेली हरितलवकं घेतली, कार्बन डायऑक्साइडऐवजी इलेक्ट्रॉन स्वीकारणारं लोहाचं संयुग दिलं आणि उजेडात ठेवली. ऑक्सिजन निघाला. पुढे 1941 मध्ये कॅलिफोर्नियात रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या शैवालाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूत पाण्यातल्याइतकाच जड ऑक्सिजन सापडला.

हे एकदा पटलं की जागेचा प्रश्न आपोआप सुटतो. पाणी फुटतं ते थायलाकॉइडच्या पटलावर, आतल्या पोकळीच्या बाजूला, म्हणून ऑक्सिजन तिथे सुटतो. त्याच पटलावरच्या इलेक्ट्रॉनच्या प्रवासातून एटीपी आणि एनएडीपीएच तयार होतात, आणि ते खर्च होतात स्ट्रोमात, कार्बन डायऑक्साइड बांधताना. सहा कार्बन डायऑक्साइडमागे अठरा एटीपी आणि बारा एनएडीपीएच लागतात. तेव्हा "एटीपी फक्त तंतुकणिकेत बनतो" असं कुणी लिहिलं तर तेही खोडावं लागेल.

दुसऱ्या वाक्यातला "उरलेला कार्बन" हा पहिल्या चुकीचाच परिणाम आहे. त्याचे गुण पुन्हा कापू नकोस. आणि ग्लुकोज हा शब्द आपल्या वर्गासाठी मान्य करावा, जरी स्ट्रोमातल्या चक्रातून प्रत्यक्ष बाहेर पडते ती तीन कार्बनची फॉस्फेट जोडलेली शर्करा.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते वाचताना बरोबर वाटतं. त्यात दोन चुका लपल्या आहेत. एक, ग्लुकोज तंतुकणिकेत जात नाही. त्याचं विघटन पेशीद्रव्यात होतं, तिथे त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुविक आम्लाचे रेणू होतात आणि निव्वळ दोन एटीपी मिळतात. तंतुकणिकेत शिरतात ते हे रेणू. पेशीतून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना एडीपी आणि फॉस्फेटबरोबर नुसतं ग्लुकोज दिलं तर त्या ते इंधन म्हणून जाळू शकत नाहीत. पायरुविक आम्ल आणि थोडं मॅलिक आम्ल दिलं की ऑक्सिजन झपाट्याने वापरला जातो.

दुसरी चूक "ऑक्सिजनशी संयोग" या शब्दांत आहे. इथेही अणूंच्या मागे जा. कार्बन डायऑक्साइड सुटतो तंतुकणिकेच्या आधारद्रव्यात: पायरुविक आम्लाचा पहिला कार्बन निघताना दोन रेणू, क्रेब चक्रात चार. त्यातले ऑक्सिजनचे अणू ग्लुकोजमधून आणि पाण्यातून आलेले असतात, श्वासातून घेतलेल्या हवेतून नाही. श्वासातला ऑक्सिजन आतल्या पटलावर, इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या अगदी शेवटी, इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन घेऊन पाणी बनतो. म्हणजे तिने जे उत्पादित लिहिलंच नाही, ते पाणी, नेमकं ऑक्सिजनचं शेवटचं ठिकाण आहे.

इथे मात्र हात थोडा सांभाळ. "क्रेब चक्राला ऑक्सिजन लागतो" असं कुणी लिहिलं तर लगेच खोडू नकोस. चक्राच्या एकाही पायरीत ऑक्सिजन थेट भाग घेत नाही, पण तो नसेल तर साखळी तुंबते, एनएडी मोकळं होत नाही आणि चक्र थांबतं. मुलाच्या मनात यातलं काय आहे, हे पुढच्या वाक्यावरून कळतं. "सजीवांत" असा प्रश्न असेल आणि मुलाने जिवाणूंचं उदाहरण घेतलं असेल तर तंतुकणिकेचा हट्टही धरू नकोस. त्यांच्याकडे ती नसतेच, साखळी पेशीपटलातच असते.

चौथ्या वाक्याला गुण नाहीत. श्वसन पानात दिवसरात्र चालू असतं. दुपारी ते बाहेरून दिसत नाही, कारण त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड शेजारचं हरितलवकच वापरून टाकतं आणि आपण मोजतो ती फक्त वजाबाकी. उजेड कमी करत गेलं की एका टप्प्यावर ही वजाबाकी शून्य होते. त्या वेळी पान ना ऑक्सिजन देतं ना घेतं, तरी दोन्ही क्रिया चालूच असतात. अंधारातल्या मुळाचं उदाहरण दे, तिथे तर दिवसाही श्वसनच.

मी तिला चारपैकी दीड देईन: पहिल्या वाक्यात अर्धा, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात कार्बन डायऑक्साइड आणि ऊर्जेसाठी अर्धा. समासात प्रत्येक चुकीपाशी वेगळा शब्द लिही. जिथे जागा चुकली तिथे "कुठे?", जिथे उगम चुकला तिथे "कशातून?", जिथे काही सुटलं तिथे "आणखी काय?". पेपर हातात मिळाल्यावर तिला स्वतःच दुरुस्ती लिहायला सांग, उत्तर तू देऊ नकोस.

ही घसरण होती की समजच चुकली होती, हे तुला एका प्रश्नावरून कळेल. पुढच्या चाचणीत विचार: एका रोपाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं आणि उन्हात ठेवलं, तर तो जड ऑक्सिजन सर्वांत आधी कुठे दिसेल, आणि पेशीच्या नेमक्या कुठल्या भागात तो सुटला असेल? पाठांतराने याचं उत्तर येत नाही. उत्तरं आली की त्यातली आठ-दहा माझ्याकडे पाठव, विशेषतः जी तुला बरोबर की चूक ठरवता आली नाहीत ती.

तुझी,
मावशी