घटक ५ : व्यायामविषयक चित्रमालिकेचे लेखन

५.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला :
• व्यायामविषयक मजकुरातील अवाजवी आश्वासन ओळखून त्याचे खंडन करता येईल.
• सुरक्षित सूचना नेमक्या मराठी शब्दांत लिहिता येईल.
• सहा चौकटींच्या चित्रमालिकेचा मसुदा तयार करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपत्रकाच्या लेखनाचा विचार केला. समाजमाध्यमांवरील ‘कॅरोसेल’, म्हणजे बोटाने सरकवत वाचायची चित्रमालिका, हा त्याचाच एक नवा प्रकार होय. मात्र माहितीपत्रक वाचकाच्या हाती अखंड पडते. चित्रमालिकेतील एखादी चौकट सुटी काढून इतरांना धाडली जाते. त्यामुळे एका चौकटीत दिलेली सूचना दुसऱ्या चौकटीतील इशाऱ्यावर विसंबून ठेवता येत नाही. या प्रकारच्या लेखनाची मुख्य अडचण हीच आहे.

उदाहरणासाठी असे समजू या, की यवतमाळ शहरातील एका व्यायाम-प्रशिक्षकाने तुमच्याकडे मजकूर मागितला आहे. त्याचे वाचक चाळिशी ओलांडलेले, बैठे काम करणारे आणि व्यायामाची सवय नसलेले आहेत. त्याने स्वतः लिहिलेली पहिली ओळ अशी आहे : ‘१५ दिवसांत १० किलो वजन हमखास घटवा! रोज १०० बैठका मारा, पोट वितळेल!’

५.३ आश्वासनाची तपासणी

ही ओळ खोडण्यापूर्वी ती का खोडायची, हे प्रशिक्षकाला पटवून देता आले पाहिजे. त्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. दहा किलोसाठी ७७,००० किलोकॅलरी खर्ची पडाव्या लागतील. पंधरा दिवसांत विभागल्यास रोज पाच हजारांहून अधिक. सामान्य प्रौढ व्यक्तीची दिवसभराची एकूण गरजच दोन ते अडीच हजारांच्या आसपास असते. म्हणजे माणूस पूर्ण उपाशी राहिला, तरी हा हिशेब जुळत नाही. अल्पावधीत काट्यावर जी मोठी घट दिसते, तिच्यात पाण्याचा वाटा बराच असतो आणि ती लवकर भरून निघते. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेली गती आहे.

‘पोट वितळेल’ हेही चुकीचे आहे. बैठकांनी मांड्या व नितंबांचे स्नायू बळकट होतात. परंतु ज्या भागाचा व्यायाम, त्याच भागाची चरबी कमी, असा शरीराचा नियम नाही.

या तपासणीला कायद्याचाही आधार आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. प्रशिक्षक आपल्या वर्गाची जाहिरात करीत असल्याने ‘हमखास’ हा शब्द त्याला अडचणीत आणू शकतो.

५.४ शब्दांची निवड

आता ‘बैठका’ या शब्दाकडे पाहा. विदर्भातील वाचकाला हा शब्द आखाड्यातून परिचित आहे. तो ऐकताच जोर-बैठकांतील पूर्ण खाली बसण्याची, वेगवान क्रिया डोळ्यांपुढे येते. ‘उठाबशा’ म्हटले, तर शाळेतील शिक्षा आठवते. नवख्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला यांपैकी काहीच सुचवायचे नाही. म्हणून ‘खुर्चीवरून ऊठबस’ हा शब्दप्रयोग योजावा. क्रिया किती खोल करायची याची मर्यादा त्या शब्दांतच सामावलेली आहे.

‘झेपेल तेवढे करा’ ही सूचनाही अपुरी आहे, कारण झेपणे म्हणजे काय, हे नवख्याला उमगत नाही. त्याऐवजी पडताळून पाहता येईल अशी खूण द्यावी : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम श्रम होय. त्याचप्रमाणे ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ एवढेच लिहिल्याने लेखक सुटतो, वाचक सुटत नाही. कोणी, केव्हा आणि कोणाला विचारावे, हे लिहावे लागते.

५.५ मसुदा

वरील विचारांनुसार तयार केलेला मसुदा पुढे दिला आहे. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे वाचून पाहा.

चौकट १ : व्यायामाची सवय नाही? खुर्ची आणि दहा मिनिटे यांपासून सुरुवात करता येईल. वजनाची हमी नाही. नियमित सरावाने पायांतील ताकद वाढते.

चौकट २ : हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास सुरुवातीपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेत असाल, तर व्यायामाची वेळही त्यांच्याकडून ठरवून घ्या.

चौकट ३ : खुर्चीवरून ऊठबस. चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. पाय खांद्यांइतके रुंद ठेवा. पुढे झुकून श्वास सोडत उठा. तीन अंक मोजत सावकाश बसा. ८ वेळा करा, एक मिनिट थांबा, पुन्हा ८ वेळा करा. गुडघ्यात कळ आली किंवा चक्कर आली, तर थांबा.

चौकट ४ : चालणे. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे. बोलता यावे, गाता येऊ नये, एवढाच वेग. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. छातीत दाब वाटल्यास चालणे तत्काळ थांबवा व १०८ ला फोन करा.

चौकट ५ : उन्हाळ्यात पहाटे चाला किंवा घरातच व्यायाम करा. निघण्यापूर्वी पाणी प्या. मळमळ, गोळे किंवा चक्कर आल्यास सावलीत बसा, अंग ओले करा. बोलणे असंबद्ध झाल्यास १०८ ला फोन करा.

चौकट ६ : दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या जड वाटल्या, तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत ते ओसरते. सांध्यात टोचणारी वेदना किंवा सूज असेल, तर व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

५.६ विवेचन

तिसऱ्या व चौथ्या चौकटीत इशारा सूचनेच्याच शेवटी आला आहे, शेवटच्या चौकटीतील बारीक अक्षरांत नाही. चौकट सुटी पाठवली, तरी इशारा तिच्यासोबत जातो. पाचवी चौकट स्थळामुळे आवश्यक ठरली. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. थंड हवेच्या प्रदेशातील मजकुराचे जसेच्या तसे भाषांतर केले असते, तर ही चौकट सुटली असती आणि ‘दुपारच्या सुटीत चाला’ असा घातक सल्ला आत शिरला असता.

सहाव्या चौकटीचे कारण वेगळे आहे. वेदनेचे दोन प्रकार वेगळे करून न सांगितल्यास भित्रा वाचक निरुपद्रवी जडपणामुळे व्यायाम सोडतो आणि धाडसी वाचक दुखऱ्या गुडघ्यावर ताण देत राहतो. दोन्ही चुका एकाच वाक्याच्या अभावातून घडतात.

या मसुद्याची एक मर्यादाही ध्यानात घ्या. वाचकाचा गुडघा प्रत्यक्ष पाहून दिलेला सल्ला चित्रमालिका देऊ शकत नाही. म्हणून प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र असल्यास ते नमूद करावे. मात्र उपचाराचा दावा करू नये.

५.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘३० दिवसांत गुडघेदुखी कायमची बंद!’ या ओळीतील अवाजवी आश्वासन कोणते, ते सांगून ती पुन्हा लिहा.
२. चौकट ४ मधील शेवटचे वाक्य चौकट ६ मध्ये हलवल्यास कोणता धोका संभवतो?
३. सूर्यनमस्कारांची सवय नसलेल्या साठ वर्षांच्या वाचकासाठी एकच चौकट ५० शब्दांत लिहा. इशारा त्याच चौकटीत आला पाहिजे.