अंदाजपत्रक मागविणारे पत्र : संकेतस्थळावर ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय

माल मागविण्याच्या पत्रात वस्तू आधीच ठरलेली असते. नग आणि दर लिहिले की पत्राचे काम होते. अंदाजपत्रक मागविणाऱ्या पत्राची अडचण वेगळी आहे. येथे हवी असलेली गोष्ट अद्याप अस्तित्वातच नसते. ती कशी असावी हे पत्रातील शब्दांवरूनच समोरच्याला उमगते, आणि तो रक्कम सांगतो तीही त्या शब्दांचीच. एका उदाहरणावरून हे पाहू.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदार बाईंचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, अशी कल्पना करा. त्यावर ग्राहक पेटीची मागणी नोंदवितो. पैशांचा व्यवहार मात्र बाहेर होतो. बाई व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवितात, ग्राहक पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवितो आणि रात्री घरातील कोणीतरी ते स्क्रीनशॉट बँकेतील नोंदींशी जुळवीत बसते. या जाचातून सुटण्यासाठी त्यांनी दोन विकासकांना पत्र लिहिले :

“आमच्या वेबसाइटवर ऑनलाइन पेमेंटची सोय करण्यात यावयाची आहे. तरी किती खर्च येईल ते लवकर कळवावे.”

व्याकरणदृष्ट्या या पत्रात दोष नाही. तरी एकाने ८,००० रुपये कळविले, दुसऱ्याने ३५,०००. दोघांपैकी कोणीही लबाड नव्हता. पहिल्याने केवळ तयार जोडणी बसविण्याचा हिशेब केला होता. दुसऱ्याने चाचणी, पैसे परत करण्याची व्यवस्था आणि हंगामभराची देखभालही त्यात धरली होती. दोन निरनिराळ्या कामांच्या या रकमा एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नव्हता. बाईंनी मग नव्याने पत्र लिहिले.

दि. ५ डिसेंबर

प्रति,
श्री. अ. ब. क.,
संकेतस्थळ विकासक, पुणे.

विषय : संकेतस्थळावर ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय करण्यासाठी लेखी अंदाजपत्रक मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही आमच्या बागेतील हापूस आंबा स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असून मागणी नोंदविण्यासाठी वूकॉमर्स वापरले आहे. हंगामात दिवसाला सुमारे ४० मागण्या येतात. ग्राहकाने मागणी नोंदवितानाच यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने पैसे भरावेत, अशी सोय आम्हांस हवी आहे. पेमेंट गेटवेचे खाते आम्ही आमच्या पेढीच्या नावाने उघडू. त्याची संकेतस्थळाशी जोडणी आपण करावी.

पुढील तीन प्रसंगी आपली व्यवस्था काय करील, हे कृपया अंदाजपत्रकात लिहावे. (१) ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, परंतु नेटवर्क तुटल्यामुळे तो संकेतस्थळावर परतला नाही. (२) चार डझनांच्या पेटीतील एक डझन फळ खराब निघाले व तेवढेच पैसे परत द्यावयाचे आहेत. (३) एकच पेटी शिल्लक असताना दोन ग्राहकांनी एकाच वेळी पैसे भरले.

जोडणी, चाचणी आणि ३१ मेपर्यंतची देखभाल यांच्या रकमा स्वतंत्र दाखवाव्यात, तसेच जीएसटी वेगळा लिहावा. या रकमेत कोणते काम धरलेले नाही, हेही नमूद करावे. आमची विक्री १ मार्चला सुरू होते, म्हणून चाचणीसह काम १५ फेब्रुवारीपर्यंत पूर्ण व्हावे. आपले अंदाजपत्रक २० डिसेंबरपर्यंत मिळावे व ते किती दिवस ग्राह्य राहील, हे त्यावर लिहावे.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही)

या पत्राचा गाभा तीन प्रसंगांत आहे. बाई तंत्रज्ञ नाहीत आणि पत्रात तसा आवही आणीत नाहीत. त्या तंत्र विचारीत नाहीत, प्रसंग सांगतात. पहिलाच प्रसंग घ्या. पैसे भरताना ग्राहक संकेतस्थळावरून गेटवेच्या पानावर किंवा आपल्या यूपीआय ॲपमध्ये जातो आणि पैसे भरून परततो. तो परतला की मगच ‘पैसे मिळाले’ अशी नोंद करणारी कच्ची जोडणी कामचलाऊ असते. चांगल्या नेटवर्कवर ती बिनचूक चालते, त्यामुळे दोष दिसतच नाही. एखाद्याचा फोन मध्येच बंद पडतो तेव्हा पैसे जातात आणि मागणी मात्र ‘प्रलंबित’ राहते. ग्राहक रागावून फोन करतो आणि रात्रीची जुळवणी पुन्हा सुरू होते. यावर उपाय असा की, गेटवेच्या सर्व्हरने संकेतस्थळाच्या सर्व्हरला परस्पर निरोप द्यावा आणि तो निरोप खरोखर गेटवेकडूनच आला आहे, हे संकेतस्थळाने पडताळावे. विकासक याला ‘वेबहुक’ म्हणतात. बाईंना हा शब्द ठाऊक नसला तरी बिघडत नाही. उत्तरात या प्रसंगाविषयी एकही ओळ नसेल, तर रक्कम कमी का आहे ते त्यांना कळेल. काम हाती आल्यावरही याची पारख करता येते : चाचणीच्या वेळी पैसे भरताच संकेतस्थळाचे पान बंद करावे आणि मागणीची नोंद बदलते का, ते पाहावे.

दुसऱ्या प्रसंगामागे हिशेब आहे. समजा, पेटीची किंमत ३,२०० रुपये असून गेटवेचे शुल्क २ टक्के आहे. शुल्क ६४ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ११.५२ रुपये, म्हणजे हाती ३,१२४.४८ रुपये येतात. एका डझनाचे ८०० रुपये परत केले, तरी आधी कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही. ही कपात विकासकाच्या रकमेत येत नाही, ती प्रत्येक विक्रीवर होते. म्हणून अंदाजपत्रक वाचताना एकदाच द्यावयाचा खर्च आणि दर व्यवहाराला होणारी कपात यांची सरमिसळ होऊ देऊ नये. यूपीआयवरील व्यापारी शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरी गेटवे कंपनी आपले सेवाशुल्क वेगळे लावू शकते, ते तिच्या करारात पाहावे लागते.

आता भाषेकडे वळू. पहिल्या पत्रातील “सोय करण्यात यावयाची आहे” ही रचना कार्यालयीन मराठीत इतकी रुळली आहे की ती खटकत नाही. पण तिच्यातून कर्ता नाहीसा होतो. “खाते उघडण्यात यावे” असे लिहिले असते, तर ते कोणी उघडायचे? विकासकाने स्वतःच्या नावाने उघडले, तर ग्राहकांचे पैसे आधी त्याच्या बँक खात्यात जमा होतील. दुसऱ्या पत्रात “आम्ही उघडू”, “आपण करावी” अशी वाक्ये आहेत; प्रत्येक क्रियेला धनी आहे. परिपत्रकात कर्मणी रचना शोभते, पण पैशांची जबाबदारी वाटून घेणाऱ्या पत्रात ती टाळावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. “लवकर” या शब्दाचेही तसेच. त्याच्या जागी तारीख आली, आणि ती विक्रीच्या दिवसापासून मागे मोजून आली. गेटवे कंपनी पॅन, बँक खाते आणि संकेतस्थळावरील परतावा-धोरणाचे पान तपासूनच खाते सुरू करते. त्यात काही दिवस जातात.

पत्रात एक गोष्ट मुद्दाम नाही : संकेतस्थळाचा पासवर्ड. अंदाज देण्यासाठी त्याची गरज नसते. काम ठरल्यावर विकासकासाठी स्वतंत्र खाते उघडावे आणि काम संपल्यावर ते बंद करावे.

सरावासाठी : एका शिवणवर्गाच्या चालकांना विद्यार्थ्यांचे मासिक शुल्क संकेतस्थळावरून घ्यावयाचे आहे. विकासकाला पाठवावयाचे पत्र सुमारे १५० शब्दांत लिहा. त्यात ‘करण्यात यावे’ ही रचना एकदाही वापरू नका आणि शुल्क भरताना अडचणीचे ठरतील असे दोन प्रसंग स्वतः शोधून घाला.